अंधाऱ्या खोलीच्या फोटोत खिडकीचं ऊन कसं पाडायचं

ढगाळ दिवशी जुन्या वाड्यातल्या खोलीचा फोटो काढला की खोली छान येते पण उजेड मेलेला असतो, सगळं एकसारखं करडं. मग आपण एडिटिंगला बसतो, नवीन लेयर घेतो, पिवळा मऊ ब्रश घेतो आणि खिडकीपासून फरशीपर्यंत फिरवतो, आणि दिसतं काय तर फरशीवर पिवळं धुकं पसरलंय. ऊन नाही, धुकं. नव्यानं शिकणारे जवळपास सगळे इथेच अडकतात, म्हणून आधी हे धुकं का होतं ते सांगतो आणि मग एक फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवतो.

ऊन एखाद्या वस्तूवर पडतं तेव्हा ते त्या वस्तूच्या रंगाला गुणतं. पांढरी भिंत खूप उजळते, करडी फरशी बेताची उजळते आणि काळं लाकूड जवळजवळ काळंच राहतं, कारण त्याच्याकडे परत पाठवायला फारसं काही नसतंच. ब्रशने पिवळा रंग वरून लावला की तो सगळ्यांवर सारखाच बसतो, फरशीच्या फटीतला काळा सुद्धा पिवळट करडा होतो, आणि डोळ्याला लगेच कळतं की हे वरून फासलंय. तेव्हा नियम एकच, रंग फासायचा नाही, जे खाली आहे तेच तेवढ्या भागात उजळायचं. त्यासाठी फोटोशॉपमधला Exposure हा अॅडजस्टमेंट लेयर सगळ्यात बरा, कारण तो हिशोब प्रकाशाच्या खऱ्या मापात करतो, म्हणजे +1 केलं की प्रकाश दुप्पट, +2 केलं की चौपट. ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांनी ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी उघडा, मेनू जवळपास तेच आहेत.

आता आपली खोली. सदाशिव पेठेतल्या वाड्यातली खालची खोली धरा, खाली दोन बाय दोन फुटांची शहाबादी फरशी, डावीकडच्या भिंतीत तीन फूट रुंद खिडकी, तिला अर्ध्या इंचाचे सात लोखंडी गज. खिडकीची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर, वरची साडेसहा फुटांवर. भिंत जुनी, दीड फूट जाड. खिडकीच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत खोली आठ फूट. फोटो दारातून काढलाय, म्हणजे खिडकी डाव्या हाताला, समोरची भिंत उजव्या हाताला आणि मधे फरशी लांबवर गेलेली. फोटो ऑगस्टमधला, बाहेर भरून आलेलं.

पहिलं काम कॉम्प्युटरवर नाहीच, कागदावर आहे. ऊन नक्की कुठे पडेल ते ठरवायचं. इथे लोक अंदाजाने चौकोन टाकतात आणि मग दिवसभर ब्लर कमीजास्त करत बसतात, पण जागाच चुकलेली असेल तर ब्लरने काही होत नाही.

सूर्य क्षितिजापासून किती वर आहे त्यावर सगळं ठरतं. 45 अंशांवर असेल आणि खिडकीच्या अगदी समोर असेल तर हिशोब तोंडी होतो, जेवढी उंची तेवढंच अंतर. अडीच फुटांवरची कड भिंतीपासून अडीच फुटांवर पडते. सूर्य 30 अंशांवर उतरला की अंतर उंचीच्या 1.73 पट होतं. आपण हेच घेऊ, कारण उतरतं ऊन जास्त देखणं दिसतं. खिडकीचं तोंड नैऋत्येला आहे असं मानलं तर पुण्यात डिसेंबरच्या शेवटी दुपारी साडेतीनच्या सुमाराला सूर्य बरोबर तिच्यासमोर, 30 अंशांवर असतो. म्हणजे आपण बनवतोय ते ऊन खरोखर त्या खोलीत येऊ शकतं. हे मला महत्त्वाचं वाटतं. दक्षिणेच्या खिडकीतून जूनच्या भर दुपारी ऊन आत आणलेले फोटो मी बघतो तेव्हा खटकतं, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो, दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन शिरतच नाही.

तर अडीच फूट गुणिले 1.73 म्हणजे साधारण सव्वाचार फूट. खिडकीच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर, म्हणजे दोन फरशा सोडून थोडं पुढे, उन्हाची पट्टी सुरू होणार. वरच्या कडेला मात्र जाड भिंतीचा विचार करावा लागतो. खालचा किरण अडवते ती खिडकीची आतली कड, पण वरचा किरण अडवते ती बाहेरची कड, जी दीड फूट अजून मागे आहे. साडेसहा गुणिले 1.73 म्हणजे सव्वाअकरा, त्यातून दीड वजा, पावणेदहा फूट. खोली आठच फूट आहे, म्हणजे ऊन फरशी ओलांडून समोरच्या भिंतीवर चढणार. किती चढणार? बरोबर एक फुटाच्या आसपास. झालं, आपली पट्टी सव्वाचार फुटांपासून आठ फुटांपर्यंत फरशीवर आणि तिथून एक फूट भिंतीवर, रुंदी तीन फूट. फरशा दोन फुटांच्या असल्यामुळे टेप न लावता फोटोतच मोजता येतं, दीड फरशी रुंद आणि चौथी फरशी संपते तिथे घडी. स्वतःच्या फोटोत मापं माहीत नसतील तर फरशी किंवा दाराची उंची धरून काढा, सहा इंच इकडेतिकडे झालं तर कोणाला कळत नाही. ऊन भिंतीवर चढतंय की नाही हे चुकलं तर मात्र कळतं.

आता आकार. फरशीवरचा तुकडा आणि भिंतीवरचा तुकडा वेगवेगळ्या लेयरवर बनवायचे. एका नव्या लेयरवर पांढरा आयत काढा, त्यातून सात उभ्या बारीक पट्ट्या खोडून टाका, त्या गजांच्या सावल्या. पट्टी किती बारीक ते मापानेच ठरवा, तीन फुटांत अर्धा इंच म्हणजे आयताच्या रुंदीचा बहात्तरावा भाग. मग Edit मेनूतलं Transform, त्यात Distort, आणि चारही कोपरे मघाशी मोजलेल्या जागी नेऊन ठेवा. जी कड खिडकीच्या भिंतीला समांतर आहे ती फरशीच्या त्याच दिशेच्या फटींबरोबर लांब जाऊन एकाच बिंदूला मिळाली पाहिजे, हे डोळ्याने तपासायचं, फट आणि कड एकमेकींना कापत असतील तर कोपरा सरकवा. सूर्य अगदी समोर आहे म्हणून गजांच्या सावल्याही फरशीच्या दुसऱ्या फटींना समांतर जातात. सूर्य बाजूला असता तर त्या तिरक्या झाल्या असत्या, पण सगळ्या सारख्याच तिरक्या, कारण सूर्याचे किरण समांतर येतात. पंख्यासारख्या फाकलेल्या सावल्या दिसल्या की समजायचं प्रकाश सूर्याचा नाही, जवळच्या दिव्याचा आहे.

भिंतीवरच्या तुकड्याचं वेगळं असतं. उभ्या गजाची सावली उभ्या भिंतीवर नेहमी उभीच पडते, ऊन कितीही तिरकं असो. आणि समोरची भिंत खिडकीला समांतर असल्यामुळे तिच्यावर पडलेला भाग खिडकीच्याच मापाचा असतो, ताणलेला नाही. फरशीवर ताणलेली पट्टी भिंतीला लागून जिथे उभी राहते, ती घडी नीट जुळली की निम्मं काम झालं. गजाची प्रत्येक सावली फरशीवरून येऊन त्याच बिंदूतून भिंतीवर चढली पाहिजे, 300 टक्के झूम करून एकेक बघा.

आकार जमला की दोन्ही लेयर एकत्र करा, त्याच्या थंबनेलवर Ctrl धरून क्लिक करा, सिलेक्शन येईल. मूळ आकाराचा लेयर बंद करून ठेवा, उडवू नका, नंतर लागतो. सिलेक्शन चालू असताना एक रिकामा ग्रुप करून त्याला मास्क द्या, मास्क जिथे पांढरा तिथेच आतल्या लेयरचा परिणाम दिसतो, काळा तिथे नाही. या ग्रुपच्या आत आपले दोन अॅडजस्टमेंट लेयर जाणार आहेत, म्हणजे मास्क एकच राहतो आणि एकाच जागी दुरुस्त करता येतो. ग्रुपचा मोड Pass Through असाच राहू द्या, तो Normal केला तर आतल्या लेयरचा खालच्या फोटोवर काहीच परिणाम होत नाही, आणि लोक बिचारे स्लायडर ओढत बसतात.

त्याआधी अजून एक गोष्ट, मास्क न घालता सगळ्या फोटोवर एक Exposure लेयर ग्रुपच्या खाली टाका आणि -1 करा. अंधाऱ्या खोलीत मोबाईल किंवा कॅमेरा आपणहून फोटो उजळ काढतो, खोलीत खरं ऊन आलं असतं तर त्याने उन्हाकडे बघून बाकीची खोली गडद केली असती. ही पायरी गाळली तर ऊन टाकूनही खोली उन्हात आल्यासारखी वाटत नाही, कारण सावलीच नाही ना. सोबत Curves मधे Blue किंचित वर घ्या, सावलीतला उजेड आकाशाकडून येतो आणि तो उन्हाच्या मानाने निळसर असतो.

आता ग्रुपच्या आत Exposure, +2 पासून सुरू करा. खाली दिसणाऱ्या Offset आणि Gamma Correction ला हात लावायचा नाही, ते काळ्याला उचलतात आणि परत तेच धुकं. प्रत्यक्षात खोलीतला सावलीचा उजेड आणि ऊन यात याहून खूप मोठा फरक असतो, पण तेवढा दिला तर फरशी पांढरी फटक होऊन तिचा पोत जातो. +2 ते +2.5 मधे ऊन ऊन वाटतं आणि शहाबादीचा खरखरीतपणाही दिसतो. त्याच्या वर Curves, Red चा मधला बिंदू 128 वरून 136 च्या आसपास, Blue चा 118 च्या आसपास. एवढंच. संध्याकाळचं ऊन म्हणून नारिंगी ओतायचा मोह होतो, पण साडेतीनचं ऊन इतकं पिवळं नसतं, आणि सावली निळसर केलेली असल्यामुळे थोडी ऊब सुद्धा पुरते.

तपासायचं कसं? उन्हाच्या पट्टीतली सगळ्यात काळी जागा शोधा, फरशीची फट किंवा खुर्चीच्या पायाची खालची कड. ती अजून काळी आहे का? असेल तर तुमचं ऊन बरोबर आहे. करडी झाली असेल तर कुठेतरी चुकून रंग वरून बसलाय.

आता कडा, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण नकली ऊन सगळ्यात जास्त इथे पकडलं जातं. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात तो साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीची कड वस्तूपासून जितकी लांब पडेल तितकी पसरते, एका फुटाला साधारण 3 मिलिमीटर. आपल्या खोलीत खिडकीच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंत किरण पाच फूट येतो, म्हणजे तिथे पट्टीच्या बाजूच्या कडा 15 मिलिमीटर मऊ. भिंतीवरच्या वरच्या कडेला तो अकरा फूट आलेला असतो, तिथे 33 मिलिमीटर. म्हणजे एकाच उन्हाच्या पट्टीत एक टोक दुसऱ्याच्या दुप्पट मऊ. सगळीकडे एकच Gaussian Blur मारला की हे जातं आणि कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

पिक्सेलमधे आणायला परत फरशी. समजा पट्टीच्या आसपास एक फरशी 500 पिक्सेल दिसते, ती 610 मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटरला साधारण 0.8 पिक्सेल. 15 मिलिमीटरचे 12 पिक्सेल, 33 चे 27. ब्लरच्या खिडकीत जो Radius आकडा असतो त्याच्या तीनचार पट जागेत कड पसरते, म्हणून खिडकीकडच्या टोकाला Radius 3 ते 4 आणि भिंतीच्या टोकाला 7 ते 8. करायचं असं, ग्रुपच्या मास्कवर क्लिक करा, आधी सगळ्या मास्कवर 3 चा ब्लर द्या. मग Lasso ने भिंतीकडचा अर्धा भाग निवडा, Feather भरपूर, 150 पिक्सेल वगैरे, आणि त्या भागावर अजून 7 चा ब्लर. मधे कुठे जोड दिसत नाही.

गजांचं तर यात फारच छान होतं. अर्धा इंच म्हणजे साडेबारा मिलिमीटरचा गज, पाच फुटांवर त्याची सावली मऊ पण जवळपास पूर्ण गडद असते, अकरा फुटांवर सूर्याचा पसारा गजाच्या अडीच पट झालेला असतो, तिथे सावली निम्मीच उरते. म्हणजे भिंतीवर चढेपर्यंत गज पुसट पट्टे होऊन जातात. वरचा ब्लर बरोबर दिला असेल तर हे आपोआप घडतं, वेगळं काही करावं लागत नाही. जाड लाकडी गज असतील तर ते टोकापर्यंत टिकतात.

खोलीतल्या वस्तू राहिल्या. पट्टीच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला काही असेल आणि त्याच्यावर ऊन पडत नसेल तर मास्कवर काळ्या ब्रशने ती वस्तू बाहेर काढा, कडेला कडक ब्रश घ्या. पट्टीतच खुर्ची उभी असेल तर जास्त काम आहे, तिच्या बसायच्या फळीवर ऊन फरशीपेक्षा आधी पोचतं, म्हणून तिथली पट्टी खिडकीकडे सरकलेली हवी, दीड फूट उंचीच्या फळीवर साधारण अडीच फूट सरकलेली. आणि खुर्चीची सावली समोरच्या भिंतीकडे पडली पाहिजे. पहिल्याच फोटोत हे सगळं अंगावर घेऊ नका, पट्टीची जागा मोकळी असलेला फोटो निवडा.

एवढं झाल्यावरही ऊन जरा सुटं वाटतं, कारण एक गोष्ट बाकी आहे. फरशीवर पडलेलं ऊन तिथेच थांबत नाही, ती पट्टी आता स्वतःच दिव्यासारखी होते आणि आजूबाजूला उजेड परत फेकते. समोरच्या भिंतीचा खालचा भाग, टेबलाची खालची बाजू, पट्टीजवळची फरशी, हे सगळं हलकं उजळतं. यासाठी अजून एक Exposure लेयर, +0.7, मास्क पूर्ण काळा, आणि खूप मोठा मऊ पांढरा ब्रश, Flow 5 ते 8 टक्के, पट्टीच्या भोवती आणि भिंतीवर तीन चार फूट वरपर्यंत हळूहळू. पट्टीजवळ जास्त, लांब गेलं की झपाट्याने कमी. रंग फरशीचा घ्यायचा, शहाबादी करडी आहे म्हणून उजेड जवळपास पांढराच राहतो, लाल कोबा असता तर भिंतीच्या खालच्या भागावर लालसर झाक आली असती. हा लेयर डोळ्याला वेगळा दिसू नये, पण बंद केला की खोली एकदम मेल्यासारखी वाटली पाहिजे.

खिडकीतून येणारे झोत बऱ्याच जणांना हवे असतात. ते हवेत धूळ किंवा धूर असेल तेव्हाच दिसतात, उदबत्ती, धूप, नुकताच केर काढलेला असेल तर. धूर हवेत तरंगत स्वतः उजळतो, त्यामुळे तो प्रकाश खालच्या फोटोत मिळवला जातो, आणि म्हणून फक्त इथे Screen मोडवर रंग लावणं बरोबर आहे. फोटोत धुराचं काही कारण नसेल तर झोत टाकू नका.

ऊन नको, दिवा हवा असेल तर तीच पद्धत, Exposure आणि मास्क, पण मास्कचा आकार बदलतो. भिंतीपासून एक फुटावर उघडा बल्ब असेल तर भिंतीवर त्याच्या अगदी समोरचा भाग सगळ्यात उजळ, तिथून एक फूट बाजूला गेलात की प्रकाश साधारण एक तृतीयांश, दोन फूट गेलात की अकरावा हिस्सा. म्हणजे उजेड आधी कोसळतो आणि मग लांब शेपटी ठेवतो. साधा गोल ग्रेडियंट सरळ उतरत जातो, म्हणून तो दिव्याचा वाटत नाही. दोन लेयर करा, एक लहान आणि जोरदार, एक मोठा आणि मंद, दोन्ही एकाच मध्यावर. दिव्याला शेड असेल तर भिंतीवर वर आणि खाली वक्र कमान दिसते, तिची कड शेडजवळ बऱ्यापैकी कडक आणि लांब मऊ. रंग उन्हापेक्षा बराच पिवळा चालतो, घरातले वॉर्म बल्ब साधारण 2700 केल्विनचे असतात.

काही फोटोंना हे जमतच नाही ते आधीच ओळखा. ट्यूबलाईट लावून काढलेल्या फोटोत वस्तूंच्या सावल्या आधीच ठरलेल्या असतात, टेबलाची सावली खिडकीकडे पडलेली आणि ऊन खिडकीतून आलेलं, हे दोन्ही एकत्र नांदत नाही. फ्लॅशचा फोटो तर सोडूनच द्या. मोबाईलचा खूप अंधारातला जेपीईजी +2 ने उजळला की पट्टीत रंगीत दाणे उठतात, खऱ्या उन्हात उलट दाणे कमी असतात, म्हणून नॉइज कमी करायचं काम सगळ्यात आधी करायचं, उजळल्यानंतर नाही. रॉ फाईल असेल तर हा त्रास खूपच कमी. आणि खिडकी स्वतः फोटोत दिसत असेल तर सुरुवातीच्या -1 मधून तिला मास्कने वगळा, आत ऊन आणि खिडकीत मळभ असं दिसायला नको. तिच्यातून ढगाळ आकाश स्पष्ट दिसत असेल तर ते जवळजवळ पांढरं होईपर्यंत उजळा.

शेवटी सेव्ह करताना भिंतीकडे बघा. परत फेकलेल्या उजेडाचा जो मऊ उतार आहे त्यात जेपीईजी केल्यावर पट्टे पट्टे दिसू लागतात. फाईल सुरुवातीलाच Image, Mode मधून 16 Bits/Channel वर घेतली असेल तर ते बरेच कमी होतात, तरी राहिले तर सगळ्यात वर 50 टक्के करड्याचा लेयर, मोड Soft Light, आणि त्यावर Add Noise 1 ते 2 टक्के, Monochromatic टिक करून. पट्टे मोडतात आणि उजळलेली पट्टी व बाकीची खोली यांचे दाणेही एकमेकांच्या जवळ येतात.